शंभर रोट्यांना किती कोळसा, किती युनिट? छोट्या हॉटेलात इलेक्ट्रिक आणि कोळशाच्या तंदूरचा हिशोब असा काढा

आमचं साताऱ्यात दहा टेबलांचं हॉटेल आहे, मी आणि मेहुणा मिळून चालवतो. तंदूर कोळशाचा होता, मागच्या वर्षी इलेक्ट्रिक घेतला, आणि घ्यायच्या आधी जेवढ्या लोकांना विचारलं तेवढी उत्तरं मिळाली. एक म्हणाला लाईटबिल बघून रडशील, दुसरा म्हणाला कोळसा निम्म्यावर येतो, आणि विक्रेत्याने तर कॅल्क्युलेटर काढून "शंभर रोटीला फक्त चार युनिट" असं छातीठोक सांगितलं. प्रत्यक्षात आमच्याकडे साध्या दिवशी साडेसतरा युनिट लागतात. तो खोटं बोलला असं नाही, त्याने एका तासात गरम भट्टीवर सलग शंभर रोट्या लावल्या तर काय होईल ते सांगितलं, फक्त आपल्याकडे सलग शंभर रोट्या कधी लागतच नाहीत ना, टेबल नंबर चारला दोन, मग दहा मिनिटं काही नाही, मग पार्सलच्या सहा.

सगळा घोळ इथेच आहे. "शंभर रोट्यांचा खर्च" हा तंदूरचा ठरलेला आकडा नाहीये, तो तुमच्या धंद्याचा आकडा आहे. म्हणून मी आमचे आकडे देतोय पण ते उचलून वापरू नका, पद्धत घ्या आणि आठवडाभर स्वतःकडे मोजा.

आधी रोटीचं बघू, तंदूर नंतर

दहा पेढे, म्हणजे रोटीसाठी केलेले पिठाचे गोळे, एकत्र वजन करा. आमचे दहा पेढे ८०० ग्रॅम भरले, म्हणजे एक ८० ग्रॅमचा. त्याच दहा रोट्या भाजून, पीठ झटकून, लगेच काट्यावर ठेवल्या तर ६८० ग्रॅम. म्हणजे एका रोटीतून १२ ग्रॅम पाणी उडालं. खरं काम एवढंच, पेढा गरम करायचा आणि त्यातलं थोडं पाणी वाफ करून घालवायचं. शाळेतलं फिजिक्स लावलं तर पेढा शंभर अंशापर्यंत न्यायला साधारण १५ किलोजूल आणि १२ ग्रॅम पाण्याची वाफ करायला २७ किलोजूल. शंभर रोट्यांचे ४२०० किलोजूल, आणि एक युनिट म्हणजे ३६०० किलोजूल, तर शंभर रोट्यांना सव्वा युनिटापेक्षाही कमी उष्णता पुरते.

सव्वा युनिट! आणि आमच्या कोळशाच्या भट्टीत साध्या दिवशी शंभर रोट्यांना पावणेसात किलोच्या आसपास कोळसा जात होता. चांगल्या कोरड्या कोळशाच्या एका किलोत सात ते आठ युनिट उष्णता असते, म्हणजे आपण पन्नास युनिट जाळून सव्वा युनिटाचं काम करत होतो. बाकीचं तंदूरच्या आतला मातीचा माठ तापवायला, तोंडातून वर जायला, आणि रोट्या लावणाऱ्या उस्तादच्या अंगावर.

पेढ्याचं वजन आधी घ्यायचं कारण असं की ६० ग्रॅमची पातळ रोटी आणि ९० ग्रॅमची बटर रोटी यांची तुलना होत नाही. आणि मोजताना बिलातल्या रोट्या मोजू नका, भिंतीला लावलेल्या मोजा. पडलेल्या, जळलेल्या, स्टाफच्या जेवणातल्या, सगळ्यांना इंधन लागलंय. आमच्याकडे केओटीवर, म्हणजे किचनच्या ऑर्डर-चिठ्ठ्यांवर, १६८ होत्या त्या दिवशी पेढे १८० गेले होते.

खर्चाचे तीन तुकडे करा

हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सोपं आहे. कुठल्याही तंदूरला तीन खर्च असतात. पहिला पेटवणी, म्हणजे थंड माठ रोटी लावण्याजोगा होईपर्यंत जे जातं ते, मग पुढे दोन रोट्या लागोत की दोनशे. दुसरा तेवत ठेवणं, म्हणजे गिऱ्हाईक नसताना भट्टी गरम ठेवायचा दर तासाचा खर्च. तिसरा खुद्द भाजणी, म्हणजे प्रत्येक जास्तीच्या रोटीमागे जास्त जाणारं इंधन.

```
शंभराचं इंधन = (पेटवणी + तेवत × तास) ÷ रोट्या × १०० + शंभराची भाजणी
```

पहिले दोन तुकडे रोट्यांच्या संख्येने भागले जातात, त्यामुळे धंदा कमी असला की शंभराचा आकडा वर उडतो. विक्रेता फक्त तिसरा तुकडा सांगतो, आणि पहिल्या महिन्याच्या लाईटबिलात आपल्याला पहिले दोन कळतात.

कोळसा मोजायची रीत

इथे बहुतेक जण पोतं किती दिवसात संपलं एवढंच बघतात, ते चालत नाही.

आमचं पोतं २० किलोचं, ४२ रुपये किलोने ८४० रुपये, पोच. पण ते ताडपत्रीवर ओतून हाताने निवडलं तर तळाला अडीच किलो चुरा निघतो. चुरा तंदूरमध्ये टाकला की हवा कोंडते, आग बसते, धूर होतो, उस्ताद तो बाजूला सारतो. म्हणजे कामाचा कोळसा साडेसतरा किलो, आणि ८४० भागिले १७.५ केलं तर खरा दर ४८ रुपये. हा ४८ धरायचा, ४२ नाही. पावसाळ्यात अजून एक भानगड, कोळसा हवेतली ओल शोषतो, पोतं बाहेर उघड्यावर असेल तर तुम्ही पाण्याचे पैसे मोजता आणि वर ते पाणी उडवायला कोळसाही जाळता. एक तगारीभर कोळसा वजन करून भट्टीच्या कडेला रात्रभर ठेवा आणि सकाळी परत वजन करा, किती पाणी होतं ते कळेल. कोळसा चांगला आहे की नाही हे बघायला दोन तुकडे एकमेकांवर आपटायचे, खणखणीत आवाज आला तर पक्का, धप्प आवाज आला तर ओला नाहीतर अर्धा कच्चा. आणि राख जड आणि भरपूर निघायला लागली तर समजायचं मातीपण विकत घेतोय.

मग रोज सकाळी निवडलेला कोळसा डब्यात वजन करून ठेवायचा, दिवसभर त्याच डब्यातून घ्यायचा, रात्री उरलेला वजन करायचा. रात्री भट्टीत जे निखारे उरतात ते झाकण घालून आणि खालचं हवेचं तोंड बंद करून विझवले तर सकाळी परत कामाला येतात, ते पण वजनातून वजा करा. आमच्याकडे हे होतच नव्हतं, खालचं तोंड उघडंच राहायचं आणि रात्रभर सगळं जळून राख, रोजचा किलो-दीड किलो असाच जायचा. मी खाली देतोय ते आकडे ही सवय लावल्यानंतरचे आहेत, नाहीतर कोळशावर अन्याय झाला असता.

सात दिवस लिहिलं. साध्या दिवशी १८० रोट्या आणि १२ किलो. शनिवार-रविवारी ३५० रोट्या आणि साडेचौदा किलो. आता गंमत बघा, रोट्या जवळजवळ दुप्पट झाल्या आणि कोळसा फक्त अडीच किलोने वाढला. १७० रोट्यांना अडीच, म्हणजे भाजणीचा तुकडा शंभराला दीड किलोच्या आसपास. उरलेले सव्वानऊ-साडेनऊ किलो हे रोट्या लागोत न लागोत जाणारच. दोन वेगवेगळ्या दिवसांची वजाबाकी केली की हे तुकडे आपोआप सुटे होतात, वेगळं काही यंत्र लागत नाही.

शंभराचा हिशोब मग असा: साध्या दिवशी ६.७ किलो, ३२० रुपये. वीकेंडला ४.१ किलो, १९९ रुपये.

वीज मोजायची रीत

पाटीवर ६ किलोवॅट लिहिलंय म्हणजे तासाला ६ युनिट असं नाही. थर्मोस्टॅट असतो, माठ तापला की कॉईल बंद, थंड झाला की चालू. म्हणून मोजायलाच हवं. तंदूरच्या लाईनवर वेगळा सब-मीटर टाकून घ्या, थ्री फेजचा, वायरमन तासाभरात बसवतो. विकत घ्यायच्या आधी डेमोला आणला असेल आणि सब-मीटर नसेल तर दुसरी युक्ती आहे, दुपारी चार वाजता हॉटेल रिकामं असताना बाकी सगळे एमसीबी पाडा, फक्त तंदूर ठेवा, आणि मेन मीटरवरचा लाल लाईट मोजा. मीटरच्या तोंडावर imp/kWh असं लिहिलेलं असतं, समजा ८०० असेल तर ८०० वेळा लाईट लुकलुकला की एक युनिट झालं. (फ्रीज-डीप फ्रीझर तासभर बंद राहिला तर काही होत नाही, फक्त दार उघडू नका आणि नंतर चालू करायला विसरू नका, आम्ही एकदा विसरलोय, पनीर गेलं.)

आमच्या ६ किलोवॅटच्या माठवाल्या तंदूरचं असं निघालं. सकाळी पूर्ण थंड माठ, ५५ मिनिटांत रोटी लावण्याजोगा, साडेपाच युनिट. संध्याकाळी माठात थोडी धग असते, साडेतीन युनिटांत होतो. झाकण ठेवून, एकही रोटी न लावता एक तास नुसता चालू ठेवला तर २.४ युनिट. झाकण काढून तोच तास ३.२ युनिट. म्हणजे झाकणाचा विसर तासाला ११ रुपयांचा. शंभर रोट्यांची भाजणी अडीच युनिट, त्यात रोटी लावताना-काढताना तोंड उघडं राहतं त्याचा खर्च आला.

दुपारचे साडेतीन तास आणि रात्रीचे चार, असे साडेसात तास. ५.५ + ३.५ + (२.४ × ७.५) = २७ युनिट हा रोजचा पाया. साध्या दिवशी १८० रोट्यांचे साडेचार मिळवले तर ३१.५ युनिट, वीकेंडला ३५० रोट्यांचे पावणेनऊ मिळवले तर ३५.७५. शंभराला १७.५ आणि १०.२ युनिट.

युनिटचा दर कुठला धरायचा

इथे माझं आणि मेहुण्याचं दोन दिवस वाजलं. तो म्हणाला बिलाची रक्कम भागिले युनिट. ते चुकीचं आहे, कारण बिलात स्थिर आकार असतो आणि तो तंदूर असो नसो भरावाच लागतो. जास्तीच्या युनिटला जास्तीचं काय लागतं ते बघायचं. महावितरणच्या बिलावर वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार हे तीन प्रति युनिट आहेत, त्यांची बेरीज करा आणि त्यावर व्यावसायिक ग्राहकाला २१ टक्के वीज शुल्क लागतं ते चढवा. वीज विक्री कराचे काही पैसे असतात ते किरकोळ. आमची बेरीज साडेअकराच्या थोडी वर, २१ टक्के धरून १४ रुपये. मुंबईत बेस्ट, टाटा, अदानी यांचे दर वेगळे, तिथे स्वतःचं बिल बघा.

पण एक खड्डा आहे आणि तो मोठा आहे. व्यावसायिक लघुदाबात २० किलोवॅटपर्यंत मंजूर भार असेल तर महिन्याचा स्थिर आकार ठरलेला असतो. २० च्या वर गेलात की पुढचा गट लागतो, स्थिर आकार जाऊन केव्हीएवर मागणी आकार सुरू होतो, आणि मग जो फरक पडतो तो फक्त तंदूरच्या युनिटांवर नाही तर सगळ्या बिलावर पडतो. तुमचा भार आत्ता १६ असेल आणि ९ किलोवॅटचा तंदूर आणणार असाल तर आधी बिलावरचा मंजूर भार वाचा. आमचा १२ होता, ६ वाढवून १८ केला, आत बसलो. सिंगल फेज कनेक्शन असेल तर ६ किलोवॅट म्हणजे एकट्या तंदूरचे २६ अँपिअर, वर मिक्सर, फ्रीज, एक्झॉस्ट, ते झेपणार नाही, थ्री फेज घ्यावाच लागतो.

आता समोरासमोर

साध्या दिवशी कोळसा १२ किलो × ४८ = ५७६ रुपये. वीज ३१.५ × १४ = ४४१ रुपये. शंभराला ३२० विरुद्ध २४५.

वीकेंडला कोळसा ६९६, वीज ५०० रुपये. शंभराला १९९ विरुद्ध १४३.

महिन्यात २२ साधे दिवस, ८ वीकेंडचे, बचत साडेचार हजारांच्या आसपास. तंदूर, केबल, एमसीबी आणि भार वाढवायचे पैसे मिळून आम्हाला ७२ हजार पडले होते, म्हणजे कागदावर सोळा महिने. कागदावर म्हणतोय कारण प्रत्यक्षात तसं झालं नाही, ते शेवटी सांगतो.

या सगळ्यातून एक तोंडी हिशोब निघतो तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. १२ किलोचं काम ३१.५ युनिटांनी केलं, साडेचौदाचं ३५.७५ ने. म्हणजे एक किलो कोळसा साधारण अडीच युनिटांच्या जागी बसतो. तुमच्या युनिटचा दर अडीचने गुणा, आणि चुरा वजा जाता कोळसा जितक्याला पडतो त्याच्याशी ताडून बघा. आमचं १४ × २.५ = ३५, कोळसा ४८, वीज जिंकली. पण गावाकडे कुणाला जवळच्या भट्टीवरून निवडक कोळसा ३० रुपयांनी मिळत असेल तर त्याने इलेक्ट्रिकच्या नादी लागू नये, निदान पैशासाठी तरी. (सावधपणे जायचं असेल तर २.५ च्या जागी २.७ धरा, साध्या दिवसात आमचं २.६ निघतं.)

किलोत सात-आठ युनिट उष्णता असून अडीच युनिट वीज पुरते याचं कारण इलेक्ट्रिकमध्ये हवा आत ओढावी लागत नाही. कोळसा जळायला खालून हवा लागते आणि ती हवा तापून वरच्या तोंडातून निघून जाते, सोबत आपले पैसे घेऊन. कॉईलला हवा लागत नाही, बाजूने इन्सुलेशन असतं. मात्र हा फायदा आपल्या किचनपुरता, कोळशावरच्या वीज केंद्रात अर्ध्याहून जास्त उष्णता तिकडेच वाया गेलेली असते, त्यामुळे "ग्रीन" वगैरे पाटी लावताना जरा बेतानं.

गर्दीत काय होतं

खर्चाचा हिशोब जुळला तरी शनिवारी रात्री नऊ ते दहा हा तास निघाला नाही तर उपयोग काय. ६ किलोवॅटपैकी २.४ भिंत गरम ठेवायलाच जातात. उरले ३.६. शंभर रोट्यांना अडीच युनिट लागतात तर ३.६ मध्ये तासाला १४४ रोट्या, हे या तंदूरचं छप्पर. त्याच्या वर उस्तादने कितीही हात चालवला तरी भिंत मागे पडत जाते. कोळशात असं छप्पर जाणवत नाही, फुंकणी मारली, खालचं तोंड उघडलं, दोन तगाऱ्या टाकल्या की आग वाढते.

आणि हे छप्पर पूर्ण व्होल्टेज असताना. कॉईलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते. आमच्याकडे संध्याकाळी २३० च्या जागी २०० मिळतं तेव्हा ६ किलोवॅटचा तंदूर साडेचार किलोवॅटचा होतो. त्यातून २.४ गेले, उरले २.१, म्हणजे तासाला फक्त ८४ रोट्या. पहिल्या शनिवारी हेच झालं. साडेनऊला उस्ताद ओरडला, "शेठ, भिंत बसली." रोटी दीड मिनिटाच्या जागी तीन मिनिटं घेत होती, फुगत नव्हती, वर पांढरी आणि कडा वातड, दोन रोट्या तर घसरून खाली पडल्या. मला वाटलं कॉईल उडाली. मल्टिमीटर लावला तर १९८.

भिंत मागे पडतेय हे ओळखायला महागडं काही नको, गनसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या आणि रोटी लावतो त्याच पट्ट्यावर धरा, कॉईलवर किंवा तळावर नको. आमच्या भट्टीत २८० ते ३०० वर रोटी दीड मिनिटात होते, २३० च्या खाली गेलं की पांढरी पडायला लागते आणि चिकटत नाही. साडेआठलाच थर्मोस्टॅट वर करून भिंत ३२० पर्यंत नेऊन ठेवली तर माठाच्या मातीत साठलेली उष्णता गर्दीची पहिली वीस-पंचवीस मिनिटं ओढून नेते. म्हणूनच मातीचा जाड माठ असलेलाच घ्या, नुसत्या पत्र्याचा लवकर तापतो पण सहा रोट्या लावल्या की गार. तुमचा गर्दीचा तास १२० च्या वर जात असेल आणि व्होल्टेज पडत असेल तर ९ किलोवॅट बघा, पण मग वरचा २० चा खड्डा परत आठवा.

तुटणं-फुटणं

माठ दोन्हीकडे तडकतो. इलेक्ट्रिकमध्ये पावसाळ्यात आणि सुट्टीनंतर एक विचित्र प्रकार होतो, चालू केला की आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, पडतो. माती आणि हिटरच्या आतलं भरण ओल धरतं आणि थोडा करंट बॉडीला गळतो. वायरमनला सांगाल तर काही जण सरळ आरसीसीबी बायपास करतात, ते अजिबात करू देऊ नका, ओल्या पिठाचे हात आणि स्टीलची बॉडी आहे ती. आत ओल मुक्कामाला राहू नये म्हणून सुट्टीच्या दिवशी झाकण लावून ठेवायचं, आणि चालू करताना तीनपैकी एकच फेजची कॉईल, सर्वात कमी नॉबवर, अर्धा तास. तरीही पडला तर मग कॉईल खरंच गेलीय. एक कॉईल गेली तर तंदूर बंद पडत नाही, नुसता एका बाजूची रोटी पांढरी येते, आणि तापायला ५५ च्या जागी दीड तास लागायला लागतो. सकाळचा वेळ लिहून ठेवत असाल तर हे त्याच दिवशी कळतं.

कोळशाकडे धूर, राख आणि कार्बन मोनॉक्साईड. एक्झॉस्ट बंद पडलेलं किचन आणि पेटलेला कोळसा म्हणजे जीवाशी खेळ आहे, वास येत नाही आणि डोकं जड होतं तेवढंच. रात्री निखारे असलेल्या किचनमध्ये पोरांना झोपू देऊ नका.

मुंबईतल्या लोकांसाठी हा सगळा प्रश्न वेगळा झालाय. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं आणि पाठोपाठ महापालिकेच्या नोटिसा कोळशाच्या तंदूरवाल्या हॉटेलांनाही गेल्या. तिथे कोळसा विरुद्ध वीज नाही, गॅस विरुद्ध वीज असा हिशोब मांडा, पद्धत हीच, कोळशाच्या डब्याऐवजी सिलेंडर काट्यावर ठेवायचा.

आणि मग टिक्का

सोळा महिने का झाले नाहीत ते हे. कोळशाच्या भट्टीत रोटीबरोबर पनीर टिक्का, कबाब, तंदुरी चिकन पण व्हायचं, एकाच आगीवर. इलेक्ट्रिकमध्ये सळई उभी केली तर मसाला आणि चरबी गळून तळाला जळते, कडवट धूर होतो, भिंतीला तेल लागलं की रोटी पकडत नाही, आणि कोळशाचा तो वास तर येतच नाही. आमच्या मेनूत वीकेंडला टिक्का-कबाब भरपूर जातो. त्यामुळे जुना तंदूर काढून टाकता आला नाही, शनिवार-रविवार संध्याकाळी तो पेटवावाच लागतो.

आधी आम्ही त्या दिवशी दोन्ही चालू ठेवायचो, रोट्या इलेक्ट्रिकवर, टिक्का कोळशावर, आणि बचत कुठे जातेय ते कळेना. मग तीन तुकड्यांचा हिशोब परत मांडला. कोळसा टिक्क्यासाठी पेटलेलाच आहे, पेटवणी आणि तेवत ठेवणं झालेलंच आहे, तर त्यावर जास्तीच्या शंभर रोट्यांचा खर्च फक्त भाजणीचा, दीड किलो, साधारण ७१ रुपये. तेच इलेक्ट्रिक वेगळा चालू केला तर वीकेंडलाही १४३. मग कशाला दोन चालवायचे? आता साध्या दिवशी आणि वीकेंडच्या दुपारी इलेक्ट्रिक, शनिवार-रविवारी सहानंतर त्याचा मेन स्विच खाली आणि सगळं कोळशावर. व्होल्टेजची कटकट पण त्याच दोन रात्री असायची, ती आपोआप मिटली.

बचत साडेचार हजारांवरून तीन हजारांच्या आसपास आली, ७२ हजार फिटायला दोन वर्षं लागतील. आणि मंगळवार असा जातो की दिवसभरात ६० रोट्या, तेव्हा तर इलेक्ट्रिकवरही शंभराला ६६५ रुपये पडतात. मंगळवारी दुपारी आता तंदूर लावतच नाही, मेनूवर चपाती आणि भाकरी, गॅसच्या तव्यावर. रोटीच हवी असं म्हणणारा एखादा येतो, त्याला उस्ताद तवा उलटा धरून करून देतो.